जीएसटी नंबर खरा निघाला, पण पैसे कुणाच्या खात्यात चाललेत?

प्रश्न : कोल्हापुरात लग्नाची फोटोग्राफी करतो. फुल-फ्रेम मिररलेस बॉडी घ्यायची आहे. इथल्या दुकानात १,७५,००० सांगतात, दिल्लीच्या एका वेबसाइटवर तीच १,३०,००० ला आहे. वेबसाइटवर जीएसटी नंबर दिलाय, सरकारी पोर्टलवर टाकून बघितला तर खरा आहे, अ‍ॅक्टिव्ह दाखवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर माणूस नीट बोलतो. अर्धे पैसे आधी एनईएफटी करा म्हणतो, बाकीचे माल निघाल्यावर. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतोय. पाठवू का?

उत्तर : आज पाठवू नका. उद्या पाठवायचे का, ते खालचं सगळं तपासून ठरवा.

आधी एक सांगून टाकतो. माझा राजारामपुरीत कॅमेऱ्यांचाच धंदा आहे, त्यामुळं 'बाहेरून घेऊ नका' म्हणण्यात माझा फायदाच आहे. पण मी तसं म्हणणार नाही. मी स्वतः मुंबईच्या बोरा बाजारातून आणि दिल्लीच्या कुचा चौधरीतून माल मागवतो. ज्यांचं तोंड कधी बघितलेलं नाही अशांना आगाऊ पैसे पाठवतो आणि माल येतो. पैसे सोडण्याआधी मी जे बघतो तेच इथं लिहितोय.

तुम्ही जीएसटी नंबर तपासलात ते चांगलं केलंत, पण त्यातून फक्त एवढंच कळलं की त्या नंबरचं एक दुकान कुठंतरी आहे. जीएसटी नंबर ही काही लपवायची गोष्ट नव्हे. कायद्यानंच तो दुकानाच्या पाटीवर लावावा लागतो आणि प्रत्येक बिलावर छापावा लागतो. दिल्लीतल्या कुठल्याही जुन्या, चांगल्या दुकानाचं एक बिल हातात आलं की तो नंबर कुणीही उचलून आपल्या वेबसाइटच्या तळाशी चिकटवू शकतो. गाडीच्या पाटीवरचा नंबर आरटीओत सापडला म्हणून गाडी चालवणारा तिचा मालक ठरत नाही, तसंच हे. खरे प्रश्न दोन उरतात. तुम्ही ज्याच्याशी बोलताय तो त्याच दुकानाचा आहे का? आणि तुमचे पैसे त्याच दुकानाच्या खात्यात जाणार आहेत का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढणं सोपं आहे आणि बहुतेक वेळा निकाल तिथंच लागतो.

पोर्टल उघडण्याआधी नुसता नंबर वाचा. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. नमुन्यासाठी हा बघा, शेवटचं अक्षर मुद्दाम झाकलंय:

```
07ABCPD1234E1Z*
```

पहिले दोन अंक राज्याचे. 07 म्हणजे दिल्ली, आपल्या महाराष्ट्राचा 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालक कोण आहे ते सांगतं : P म्हणजे एकटा माणूस, C म्हणजे कंपनी, F म्हणजे भागीदारी फर्म किंवा एलएलपी, H म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. माणसाचा पॅन असेल तर पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं. (लग्नानंतर आडनाव बदललं तरी पॅन तोच राहतो, म्हणून पाचव्या अक्षरावरून फार भांडू नका.) आता वेबसाइटवर मोठ्या अक्षरात 'प्रायव्हेट लिमिटेड' लिहिलंय आणि नंबरात त्या चौथ्या जागी P असेल, तर नंबर दुसऱ्या कुणाचा तरी आहे. एवढं कळायला इंटरनेटही लागत नाही.

मग पोर्टलवर या. services.gst.gov.in वर 'Search Taxpayer' मध्ये लॉगिन न करता नंबर टाकता येतो. तुम्ही तिथं 'Active' एवढाच शब्द वाचून पान बंद केलंत असं दिसतंय, बहुतेक लोक तेच करतात. परत उघडा. 'Legal Name of Business' आणि 'Trade Name' ही दोन नावं कागदावर लिहून घ्या. एकट्या मालकाचं दुकान असेल तर पहिल्या जागी त्या माणसाचं पॅनवरचं नाव असतं आणि दुसऱ्या जागी दुकानाचं. त्याखाली नोंदणीची तारीख आणि दुकानाचा पत्ता. 'Taxpayer Type' मध्ये 'Composition' दिसलं तर प्रश्नच मिटला, कारण कंपोझिशनवाल्याला, म्हणजे ठोक दरानं कर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला, परराज्यात माल विकताच येत नाही. तो दिल्लीतून कोल्हापूरला बिलानं कॅमेरा पाठवूच शकत नाही. शेवटी विवरणपत्रांचा तक्ता उघडून गेल्या काही महिन्यांची GSTR-3B भरली आहेत का बघा. नोंदणी दोन महिन्यांपूर्वीची, विवरणपत्र एकही नाही आणि वेबसाइटवर मात्र 'पंधरा वर्षांचा विश्वास', असं असेल तर पुढं जायचं कारण नाही.

यात सगळं चोख निघालं तरी मी अजून पैसे सोडत नाही. उलट सगळं फार चोख असेल तर मी जास्तच सावध होतो, कारण चोर नंबर उचलणार तो चांगल्याच दुकानाचा.

आता खात्याकडे येऊ. एनईएफटी करताना आपण नाव लिहितो, खाते नंबर लिहितो, आयएफएससी लिहितो. पण पैसे जमा होतात ते निव्वळ खाते नंबरावर. नावाच्या रकान्यात तुम्ही 'दिल्ली कॅमेरा हाउस' लिहिलं काय आणि आणखी काही लिहिलं काय, पैसे त्या नंबरच्या खात्यातच जाणार. फसवणारे याच फटीचा फायदा घेत आलेत : मेसेजमध्ये दुकानाचं नाव आणि खाली भलत्याच माणसाचा खाते नंबर. ही फट आता बरीचशी बुजली आहे. एनईएफटी-आरटीजीएसच्या आधी समोरच्या खात्याचं बँकेतलं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्या, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं होतं. नेट बँकिंगमध्ये नवीन लाभार्थी जोडताना खाते नंबर आणि आयएफएससी टाकलं की नाव दिसतं. शाखेतून पाठवणार असाल तर काउंटरवर 'नाव बघून सांगा' म्हणा. यूपीआयमध्येही ३० जून २०२५ पासून अ‍ॅपनं बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवायचं, असा नियम आहे. तुमच्या फोनमध्ये तुम्ही तो नंबर 'कॅमेरा दिल्ली' म्हणून सेव्ह केला असला तरी पैसे देताना खरं नाव समोर येतं. फक्त हे लक्षात ठेवा की बँक नाव दाखवते, व्यवहार थांबवत नाही. जुळवायचं काम तुमचं.

आता ते नाव आणि कागदावर लिहून घेतलेली दोन नावं शेजारी ठेवा. खातं 'Legal Name' किंवा 'Trade Name' यांपैकी एका नावावर असलं पाहिजे, शक्यतो चालू खातं. आपल्याकडं बायकोच्या नावावर फर्म आणि दुकान नवरा चालवतो हे सर्रास चालतं, त्यात वावगं काही नाही. पण तेव्हाही जीएसटी बायकोच्या नावावर आणि खातंही बायकोच्याच नावावर असतं. तिसरंच नाव दिसलं की मी थांबतो आणि कारण विचारतो. मग ठरलेली उत्तरं येतात : कंपनीचं खातं ऑडिटमुळं बंद आहे, हे आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, चालू खात्याची लिमिट संपली. चालता धंदा असलेला व्यापारी विक्रीचे सव्वा लाख दुसऱ्याच्या बचत खात्यात कधी घेत नाही, कारण त्याचाच हिशोब बिघडतो आणि उद्या खुलासा त्यालाच द्यावा लागतो.

एक प्रकरण सविस्तर सांगतो, कारण ते तुमच्यासारखंच आहे. कागलकडचा एक व्हिडिओवाला सत्तर-दोनशेची लेन्स घ्यायला निघाला होता. वेबसाइट देखणी, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, नंबर दिल्लीचा. पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं आला, मी सहज नंबर वाचला तर पॅनच्या चौथ्या जागी P. पोर्टलवर एका माणसाचं नाव, दुकान चांदनी चौकातलं, नोंदणी ०१/०७/२०१७ ची, म्हणजे जीएसटी सुरू झाला त्याच दिवसापासूनचं, आणि विवरणपत्रं वेळच्या वेळी. दुकान अस्सल होतं. त्याच्याच मोबाइलवर आम्ही लाभार्थी जोडायला घेतला तर तिसऱ्याच माणसाचं नाव आलं. आयएफएससी रिझर्व्ह बँकेच्या साइटवर टाकलं तर शाखा दिल्लीतली नव्हे, दुसऱ्याच राज्यातल्या तालुक्याच्या गावातली. (शाखेवरून लगेच शिक्का मारू नका, खातं कुणी आधीच्या गावात उघडलेलं असू शकतं. पण नाव जुळत नसताना शाखाही जुळत नसेल तर वजन वाढतं.) मग lookup.icann.org वर वेबसाइटचं नाव टाकलं. डोमेन नोंदवल्याची तारीख दीड महिन्यापूर्वीची निघाली.

शेवटी त्या दुकानाला फोन केला, आणि हा फोन कुठल्या नंबरवर करायचा ते महत्त्वाचं आहे. वेबसाइटवरच्या नंबरवर केला तर तोच गडी उचलणार. नकाशावर दिसणारा नंबरही मी पक्का धरत नाही, कारण तिथं कुणीही बदल सुचवू शकतो. कॅमेरा कंपन्या आपल्या भारतातल्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी देतात, त्यात ते दुकान होतं, नंबर तिथला घेतला. पलीकडून मालक म्हणाला, 'आमची वेबसाइटच नाही, तुम्ही विचारणारे पहिले नाही.' कागलच्या पाव्हण्याचे पैसे वाचले. मालक बिचारा मात्र रोज कुणाचे ना कुणाचे शिव्याशाप खात होता.

दर हा पुढचा मुद्दा, आणि इथं मी सरसकट 'स्वस्त म्हणजे खोटं' म्हणणार नाही. १,३०,००० मध्ये १८ टक्के जीएसटी धरला तर कराचे १९,८३१ रुपये जातात आणि विक्रेत्याच्या हातात १,१०,१६९ उरतात. बॉडीवर मार्जिन मुळातच बारीक असतं, लेन्स-बॅगा-बॅटऱ्यांवर दुकान चालतं. कंपनीची ऑफर असेल तर ती सगळ्याच विक्रेत्यांकडं एकदम येते, एकट्या दिल्लीवाल्याकडं येत नाही. म्हणून इतका फरक दिसला की दोनच शक्यता उरतात. एक, माल आहे पण ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या भारतातल्या रस्त्यानं न आलेला. दोन, मालच नाही. ग्रे मालाचा कॅमेरा खरा असतो, फोटोही काढतो, फक्त कंपनी इथं वॉरंटी देत नाही. सीझनच्या मध्यात शटर गेलं तर खर्च तुमचा. हा धोका ओळखून कुणी घेत असेल तर त्याची मर्जी, पण तो ग्रेच्या दरानं आणि हातात माल घेऊनच घ्यावा.

दोन्हींतला फरक ओळखायला खोक्याच्या बाजूचा फोटो मागा. आयात केलेल्या पॅक मालावर आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर असलेलं लेबल लागतं. ग्रे खोक्यावर ते बहुधा नसतं. फोटोत सिरियल नंबर दिसला पाहिजे आणि शेजारी चिठ्ठीवर तुमचं नाव व आजची तारीख हातानं लिहिलेली पाहिजे. माल समोर असलेल्या माणसाला याला दोन मिनिटं लागतात. ज्याच्याकडं माल नाही तो कॅटलॉगमधले गुळगुळीत फोटो पाठवत बसतो, किंवा 'गोडाउनमध्ये आहे' म्हणतो. सिरियल नंबर मिळालाच तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या की हा भारतातल्या वॉरंटीचा आहे का.

तुमच्या व्यवहारात मला सगळ्यात जास्त खटकतंय ते 'बाकीचे माल निघाल्यावर'. अर्धे गेले की पुढं काय होतं ते ऐका. दोन दिवसांनी ट्रान्सपोर्टवाला म्हणून एकाचा फोन येतो : ई-वे बिल नाही, माल चेकपोस्टवर अडवलाय, आठ-दहा हजार भरा, डिलिव्हरीला परत मिळतील. ६५,००० अडकलेला माणूस ते भरतो. मग आणखी एक कारण येतं. यातलं खरं एवढंच की पन्नास हजारांवरचा माल परराज्यातून येताना ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागद, लागतं. पण ते विक्रेता स्वतःच्या लॉगिननं पोर्टलवर काढतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. जीएसटीची नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या नावासमोर त्यात 'URP' येतं, बस. ते काढायची जबाबदारी कधीच तुमची नसते. आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके जीएसटी आल्यावर २०१७ मध्येच उठले. तेव्हा ई-वे बिलाच्या नावानं गिऱ्हाइकाकडं कुणी पैसे मागितले की तो चोर, यात मी शंकेला जागा ठेवत नाही. या प्रश्नाचा उलटा उपयोगही होतो. आत्ताच विचारा, 'ई-वे बिल कुठल्या जीएसटी नंबरवरून काढणार? चार्ज किती?' खरा व्यापारी हसेल आणि 'चार्ज कसला' म्हणेल.

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा आहे : 'माझा मेहुणा दिल्लीत असतो, तो उद्या दुकानात येऊन पैसे देऊन कॅमेरा घेऊन जाईल, चालेल ना?' मेहुणा नसला तरी विचारा. दुकानदाराला यापेक्षा सोपं गिऱ्हाईक नाही. तो लगेच वेळ आणि पत्ता सांगतो. दुसरा म्हणतो, आमचं फक्त ऑनलाइन आहे, गोडाउनला बाहेरच्यांना परवानगी नाही, पॉलिसी नाही. फक्त ऑनलाइन विकणारे खरे विक्रेतेही असतात हे मान्य, पण मग त्यांच्याकडं आगाऊ एनईएफटीशिवाय दुसरा मार्गही असतो. त्यांच्या साइटवर क्रेडिट कार्डानं पैसे देता येतात, आणि माल आलाच नाही तर बँकेकडं तक्रार करून तो व्यवहार वादात घालता येतो. दीड-दोन टक्के जास्त गेले तरी अनोळखी ठिकाणी मी तेच करीन. एनईएफटीला ती सोय नाही, एकदा गेले की गेले.

कॅश ऑन डिलिव्हरी सुरक्षित वाटते, पण खोकं उघडायच्या आधी पैसे द्यावे लागत असतील तर तिचा उपयोग फारसा नाही. मोठ्या मार्केटप्लेसवर घेत असाल तर वरचं बरंचसं लागू होत नाही. तिथं एकच पथ्य, पैसे अ‍ॅपच्या आतच द्यायचे. 'बाहेर व्हॉट्सअ‍ॅपवर या, आणखी पाच हजार कमी करतो' म्हणणाऱ्याकडं जायचं नाही.

कधीकधी नाव जुळतं, विवरणपत्रं ठीक असतात, पण डोमेन नवं असतं. जुन्या दुकानानं यंदाच वेबसाइट काढली असेल तर तसं होणारच. उलट डोमेन जुनं असूनही माणूस खोटा असू शकतो, कारण मुदत संपलेली जुनी नावं विकत मिळतात. म्हणून डोमेनच्या तारखेला मी साक्षीदार मानतो, निकाल मानत नाही. निकाल खात्याच्या नावावर आणि यादीतल्या नंबरवर केलेल्या फोनवर.

तर तुम्ही आज त्याला एवढंच लिहा : 'मला जीएसटी बिल लागेल. तुमचा प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पाठवा, त्यावर जीएसटी नंबर, कॅमेऱ्याचा सिरियल नंबर आणि त्याच फर्मच्या नावाचं चालू खातं असू दे. भारतातलं कंपनी वॉरंटी कार्ड बरोबर येणार का तेही लिहा.' असला कागद काढणं व्यापाऱ्याचं रोजचं काम आहे. तो आला की लाभार्थी जोडून नाव बघा, पण रक्कम टाकू नका. नाव जुळलं तर कंपनीच्या यादीतून नंबर काढून दुकानाला फोन करा आणि प्रोफॉर्माचा नंबर सांगून 'हा तुमचाच का' विचारा. तिथून होकार आला तर पैसे पाठवायला माझी हरकत नाही, ग्रे आहे की वॉरंटीचा ते ठरवून. 'आज रात्री बारापर्यंतच ऑफर' असं उत्तर आलं तर तिथंच सोडा, आणि तो १,३०,००० चा आकडाही डोक्यातून काढून टाका, नाहीतर इथल्या दुकानात घासाघीस करताना तो उगाच आडवा येईल.

आणि हे वाचायच्या आधीच टोकन म्हणून काही पाठवलं असेल तर त्याला जाब विचारत बसू नका. आधी १९३० वर फोन करा, व्यवहाराचा यूटीआर नंबर हाताशी ठेवा, त्याच दमात बँकेला कळवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते, म्हणून सकाळी शाखा उघडायची वाट बघायची नाही.